संशयित ग्राहकाला पकडणारा दुकानदार: बॅटरी आणि बेकायदा अटकावाच्या समस्येचे नमुना उत्तर

प्रश्न: अपकृत्य कायद्याच्या परीक्षेत ही समस्या आली होती. चष्म्यांच्या दुकानात एका महिला ग्राहकाने स्टँडजवळ उभे राहून बॅगेत काहीतरी टाकल्याचे दुकानदाराने लांबून पाहिले. स्टँडवरची एक जागा रिकामी होती. ती दाराबाहेर पाऊल टाकत असताना त्याने काही न बोलता मागून तिच्या खांद्यावरची बॅग ओढली आणि दंड धरून तिला मागच्या खोलीत नेले. दंडावर वळ उठले. खोलीला कुलूप नव्हते, पण बॅग आणि फोन त्याने स्वतःकडे ठेवले आणि ‘पोलीस येईपर्यंत इथून हलायचे नाही’ असे बजावले. दहा मिनिटांत बॅग तपासली, तर आत तिचा स्वतःचा जुना, नंबरचा चष्मा निघाला. तरीही ‘चोरीचा प्रयत्न केला असे लिहून द्या, मग जा’ म्हणत त्याने तिला आणखी ४० मिनिटे बसवून ठेवले. शेवटी तिने काही न लिहिताच तिला सोडले. मी ‘दुकानदाराचा प्रामाणिक गैरसमज होता, म्हणून तो जबाबदार नाही’ असे लिहिले आणि फार कमी गुण मिळाले. बॅटरी आणि फॉल्स इम्प्रिझनमेंट या दोन्ही अंगांनी उत्तर कसे लिहायला हवे होते?

उत्तर: गैरसमजाचा मुद्दा तुम्हाला सुचला, हे बरोबरच झाले, पण तो चुकीच्या जागी आणि चुकीच्या वजनाने मांडला गेला. शिवाय पन्नास मिनिटांचा हा सारा प्रकार तुम्ही एकच कृत्य मानून त्याला एकच उत्तर दिले. या समस्येत काळ हाच कळीचा मुद्दा आहे. दारात झालेली ओढाताण, खोलीतली पहिली दहा मिनिटे आणि नंतरची चाळीस मिनिटे हे तीन वेगळे टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर दुकानदाराची कायदेशीर स्थिती वेगळी आहे. म्हणून आधी वादीने काय सिद्ध करायचे ते पूर्ण करावे आणि मगच प्रतिवादीच्या बचावाकडे वळावे. हा क्रम मोडला की गैरसमजाचा मुद्दा पहिल्याच परिच्छेदात शिरतो आणि पुढचे सगळे उत्तर गिळून टाकतो.

बॅटरीपासून सुरुवात करू. दुसऱ्याच्या शरीराला हेतुपुरस्सर, त्याच्या संमतीशिवाय आणि कायदेशीर समर्थनाशिवाय केलेला इजाकारक किंवा अपमानकारक स्पर्श म्हणजे बॅटरी. इजा झालीच पाहिजे असे नाही. कोल विरुद्ध टर्नर या १७०४ च्या खटल्यात न्यायमूर्ती होल्ट यांनी रागाच्या भरात केलेला अगदी हलका स्पर्शही बॅटरी ठरतो असे म्हटले आहे. या अपकृत्याचे मूळ शरीराच्या अनुल्लंघनीयतेत आहे. म्हणूनच आपल्या समस्येतले दंडावरचे वळ नुकसानभरपाई ठरवताना महत्त्वाचे आहेत, पण बॅटरी झाली की नाही हे ठरवताना त्यांची गरज नाही. विद्यार्थी अनेकदा वळांवर अर्धे पान खर्च करतात, ते टाळावे.

हेतू या घटकाचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण तुमच्या उत्तरातली चूक इथेच झाली. बॅटरीसाठी लागणारा हेतू हा स्पर्श घडवून आणण्याचा हेतू असतो. वाईट करण्याचा किंवा निर्दोष माणसाला त्रास देण्याचा हेतू लागत नाही. दुकानदाराला बॅग ओढायची होती, दंड धरायचा होता आणि त्याने ते केले. हेतू तिथेच सिद्ध झाला. ती चोर आहे असे त्याला मनापासून वाटत होते, हे त्याच्या कृतीचे कारण आहे. त्यामुळे हेतू नाहीसा होत नाही. रॅन्सन विरुद्ध किटनर या १८८९ च्या इलिनॉयमधील खटल्यात लांडग्यांच्या शिकारीला निघालेल्या माणसांनी लांडग्यासारखा दिसणारा दुसऱ्याचा कुत्रा मारला. त्यांची चूक प्रामाणिक होती, तरीही त्यांना भरपाई द्यावी लागली. तो खटला मालमत्तेचा होता, पण हेतुपुरस्सर केलेल्या कृत्यात केवळ प्रामाणिक गैरसमज हा बचाव नव्हे, हे तत्त्व शरीराच्या बाबतीतही तसेच लागू पडते. एखाद्या विशेषाधिकारानेच गैरसमजाला जागा दिली असेल, तर त्या विशेषाधिकाराच्या अटींमधून तो उत्तरात येतो, आणि तो नुसता प्रामाणिक असून भागत नाही, वाजवीही असावा लागतो.

आता प्रत्यक्ष स्पर्श पाहू. तो दोन वेळा झाला आहे आणि दोन्ही वेगळे लिहावेत. पहिल्या वेळी दुकानदाराने शरीराला हात लावला नाही, फक्त बॅग ओढली. तरीही ती बॅटरी आहे, कारण अंगावर असलेली किंवा हातात धरलेली, शरीराशी निकटपणे जोडलेली वस्तू या अपकृत्यापुरती शरीराचाच भाग मानली जाते. फिशर विरुद्ध कॅरोसेल मोटर हॉटेल या १९६७ च्या खटल्यात टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने हातातली ताटली अपमानकारक रीतीने हिसकावून घेणे ही बॅटरी ठरवली. अंगाला प्रत्यक्ष स्पर्श झाला नव्हता. खांद्यावर अडकवलेली बॅग तर ताटलीपेक्षाही शरीराशी अधिक जखडलेली असते. दुसऱ्या वेळी, म्हणजे दंड धरून नेताना, शरीराला थेट स्पर्श आहे. इथे प्रतिवादी असे म्हणू शकेल की लक्ष वेधण्यासाठी दंडाला हात लावणे हा दैनंदिन व्यवहाराचाच भाग आहे. त्याचे उत्तर कॉलिन्स विरुद्ध विल्कॉक या १९८४ च्या इंग्लिश निकालात मिळते. गर्दीत लागणारे धक्के किंवा लक्ष वेधण्यासाठी खांद्यावर केलेला हलका स्पर्श न्यायमूर्ती गॉफ यांनी बॅटरीच्या बाहेर ठेवला. मात्र त्या खटल्यात महिला पोलिसाने अटकेचा अधिकार वापरत नसताना, निघून जाणाऱ्या स्त्रीला थांबवण्यासाठी तिचा दंड धरला होता, आणि तो स्पर्श बॅटरी ठरला. लक्ष वेधणे आणि जाऊ न देणे यांतला फरक त्या निकालाने दाखवला, आणि आपला दुकानदार निःसंशय दुसऱ्या बाजूला पडतो.

संमतीचा मुद्दा एका वाक्यात संपतो: दुकानात प्रवेश करणे म्हणजे मागून ओढले जाण्यास संमती देणे नव्हे. त्याचप्रमाणे बॅग मागून ओढली गेल्यामुळे त्या क्षणी तिच्या मनात स्पर्शाची आगाऊ धास्ती निर्माण झालीच नव्हती, म्हणून त्या पहिल्या कृत्याबाबत असॉल्ट मांडू नये. प्रश्नात ते विचारलेलेही नाही.

फॉल्स इम्प्रिझनमेंट, ज्याला मी पुढे बेकायदा अटकाव म्हणेन, त्यासाठी वादीने दाखवायचे ते एवढेच, की प्रतिवादीने हेतुपुरस्सर तिची हालचाल सर्व बाजूंनी एका मर्यादेत कोंडली. एका बाजूची वाट अडवणे पुरेसे नाही. बर्ड विरुद्ध जोन्स या १८४५ च्या खटल्यात हॅमरस्मिथ पुलावरचा पदपथ नौकाशर्यतीसाठी अडवला होता, पण वादीला परत फिरून दुसऱ्या बाजूने जाता येत होते, म्हणून तो अटकाव ठरला नाही.

‘दाराला कुलूप नव्हते’ हे वाक्य समस्येत मुद्दाम घातलेले आहे आणि उत्तराचे निम्मे गुण त्याच्या हाताळणीवर अवलंबून असतात असे मला वाटते. कुलूप, भिंत किंवा बळ हीच कोंडण्याची साधने नाहीत. कायद्याचा अधिकार असल्याचा आव आणून ‘हलायचे नाही’ असे बजावले आणि समोरची व्यक्ती त्या अधिकारापुढे नमली, तर तेही कोंडणेच आहे. इथे आणखी ठोस गोष्ट म्हणजे बॅग आणि फोन. जिचे सामान दुसऱ्याच्या ताब्यात आहे तिला दार उघडे असले तरी जाण्याची वाजवी वाट आहे असे म्हणता येत नाही, कारण जायचे तर आपल्या वस्तू सोडून जावे लागते. वस्तूंवरच्या या दबावाला न्यायालये कोंडण्याचे साधन मानत आली आहेत. शिवाय काही क्षणांपूर्वीच या माणसाने तिला दंड धरून आणले होते; उठून निघाले तर तो पुन्हा हात टाकेल, ही तिची भीती निराधार नाही.

विरुद्ध बाजूही लिहावी, कारण ती खरोखर उभी राहू शकते. लोपेझ विरुद्ध विंचेल्स डोनट हाऊस या १९८४ च्या इलिनॉयमधील खटल्यात चोरीचा आरोप झालेली कर्मचारी स्वतःचे नाव निष्कलंक राखण्यासाठी खोलीत थांबली होती. तिला धमकी दिली नव्हती, बळ वापरले नव्हते आणि ती शेवटी स्वतः उठून गेली. हा अटकाव नाही, असे न्यायालय म्हणाले. केवळ नैतिक दबावाने किंवा आपली बाजू मांडण्याच्या इच्छेने थांबणे हे स्वेच्छेने थांबणे होय. आपली समस्या लोपेझपासून वेगळी का, हे तथ्यांवर बोट ठेवून सांगावे: इथे शारीरिक बळ आधीच वापरले गेले, वस्तू काढून घेतल्या गेल्या आणि स्पष्ट हुकूम दिला गेला. तुलना करून मगच निष्कर्ष लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षक वरच्या श्रेणीत ठेवतो.

अटकाव कधी सुरू झाला, हेही नोंदवावे. तो खोलीत सुरू झालेला नाही. दारात दंड धरला त्या क्षणी तिची हालचाल पूर्ण थांबली आणि अटकाव तेव्हाच सुरू झाला. दारापासून खोलीपर्यंतचे चालणेही त्यातच येते. अटकावाची जाणीव वादीला असावी लागते की नाही, यावर इंग्लिश आणि अमेरिकन कायद्यात मतभेद आहेत, पण या ग्राहकाला प्रत्येक क्षणी जाणीव होती, त्यामुळे त्या वादात शिरण्याचे कारण नाही.

इथपर्यंत दोन्ही अपकृत्ये प्रथमदर्शनी सिद्ध झाली. आता समर्थन दाखवण्याचा भार दुकानदारावर येतो, आणि तुमच्या गैरसमजाच्या मुद्द्याला आता कुठे जागा मिळते.

दुकानदाराला दोन बचाव सुचतील. पहिला म्हणजे आपली वस्तू चोराच्या हातून लगेच परत घेण्याचा जुना अधिकार. तो इथे उपयोगी नाही, कारण त्या अधिकारात चुकीचा धोका वापरणाऱ्याच्या माथी असतो: वस्तू खरोखर त्याची आणि खरोखर चोरलेली नसेल, तर वाजवी गैरसमजही त्याला वाचवत नाही. या कठोरपणामुळे दुकानदार कात्रीत सापडत असे. थांबवावे तर चूक निघाल्यास दावा, न थांबवावे तर माल गेला. या कात्रीतून सुटका करण्यासाठी अमेरिकन न्यायालयांनी दुकानदाराचा विशेषाधिकार मान्य केला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३६ मध्ये कॉलियर विरुद्ध क्रेस या खटल्यात तो स्वीकारला. अमेरिकन अपकृत्य कायद्याची तत्त्वे संकलित करणाऱ्या १९६५ च्या रीस्टेटमेंटच्या कलम १२०-अ मध्ये तो नेमक्या शब्दांत आला: दुकानातली वस्तू कोणी गैररीतीने घेतली आहे असे ज्याला वाजवी रीतीने वाटते, तो वस्तुस्थितीची वाजवी चौकशी करण्यास लागेल तेवढा वेळ त्या व्यक्तीला आवारात थांबवू शकतो. संशय वाजवी असावा, रीत वाजवी असावी, वेळ वाजवी असावा आणि हेतू चौकशीचा असावा, या चार अटी त्या एका वाक्यात सामावलेल्या आहेत. प्रत्येक टप्प्यावर त्या पुन्हा तपासायच्या असतात. एकदा मिळालेला विशेषाधिकार शेवटपर्यंत टिकतोच असे नाही.

संशय वाजवी होता का? कसोटी वस्तुनिष्ठ आहे: त्या जागी विवेकी माणसाला काय वाटले असते. कॉब्लिन विरुद्ध केनेडीज या मॅसॅच्युसेट्सच्या १९७१ च्या खटल्यात सत्तर वर्षांच्या ग्राहकाने स्वतःचाच स्कार्फ खिशातून काढून दाराजवळ गळ्याभोवती बांधला. कर्मचाऱ्याने दंड धरून त्याला अडवले आणि मॅनेजरकडे चलायला सांगितले. प्रामाणिक संशय पुरेसा नाही असे सांगून न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूचा निर्णय कायम ठेवला. आपल्या समस्येत दुकानदाराच्या बाजूने दोन गोष्टी आहेत: बॅगेत काहीतरी गेल्याचे त्याने प्रत्यक्ष पाहिले आणि स्टँडवरची एक जागा रिकामी होती. विरुद्ध बाजूने असे, की त्याने लांबून पाहिले, काय टाकले ते त्याला दिसले नाही, आणि चष्मे लावून पाहण्याच्या दुकानात ग्राहक स्वतःचा चष्मा काढून बॅगेत ठेवणार, ही तर रोजची गोष्ट आहे. ती जागा आधीपासूनच रिकामी होती का, हेही त्याने पाहिले नाही. माझ्या मते, तिला विनंती करून थांबवण्याइतका संशय होता. पण हा मुद्दा दोन्ही बाजूंनी जाऊ शकतो आणि तसे स्पष्ट लिहून पुढे पर्यायी निष्कर्ष द्यावा. संशय वाजवी नव्हता असे ठरल्यास विशेषाधिकार मुळातच उभा राहत नाही, आणि दारापासूनची सारी पन्नास मिनिटे बेकायदा ठरतात.

संशय वाजवी धरून चाललो, तरी रीतीच्या प्रश्नात दुकानदार अडकतो. विशेषाधिकारात बळ वापरता येते, पण वाजवी तेवढेच, आणि सामान्यतः आधी थांबण्याची विनंती केल्यानंतरच. विनंती करून उपयोग नाही असे दिसत असेल तर गोष्ट वेगळी. ग्राहक पळत नव्हती, प्रतिकार करत नव्हती, तिला हाकही मारली गेली नव्हती. ‘जरा थांबता का, बॅग पाहू द्या’ हे एक वाक्य उच्चारणे शक्य असताना मागून ओढणे आणि वळ उठतील इतक्या जोराने दंड धरणे हे गरजेपलीकडचे बळ आहे. म्हणून थांबवणे कायदेशीर असले तरी बॅटरीची जबाबदारी उरते. अटकावाचे समर्थन आणि स्पर्शाचे समर्थन वेगवेगळे तपासायचे असतात, ही गोष्ट बहुतेक उत्तरांतून सुटते.

ती दाराबाहेर पाऊल टाकत होती, यावरही दोन ओळी लिहाव्यात. रीस्टेटमेंटचा शब्द ‘आवारात’ असा आहे. अनेक राज्यांच्या कायद्यांनी तो लगतच्या परिसरापर्यंत वाढवला आहे. उंबरठ्यावर पकडलेल्या व्यक्तीच्या बाबतीत हा बचाव केवळ या कारणाने कोसळेल असे मला वाटत नाही.

खोलीतली पहिली दहा मिनिटे दुकानदाराची सर्वांत भक्कम बाजू आहेत. बॅग तपासणे, वस्तू आपली आहे का ते पाहणे, यालाच चौकशी म्हणतात, आणि त्यासाठी दहा मिनिटे जास्त नाहीत. संशय वाजवी मानला, तर या टप्प्यातल्या अटकावाबद्दल तो जबाबदार नाही. चष्मा तिचाच निघाला याने मागचा काळ बेकायदा होत नाही, कारण विशेषाधिकार निष्कर्षावर नव्हे, संशयाच्या वाजवीपणावर टिकतो.

जुना, नंबरचा चष्मा हातात आला त्या क्षणी मात्र चौकशी संपली आणि तिच्याबरोबर विशेषाधिकारही संपला. त्यापुढची चाळीस मिनिटे कोणत्याही अटीत बसत नाहीत: संशयाला आधार उरला नव्हता, वेळ चौकशीसाठी लागत नव्हता आणि हेतू कबुली लिहून घेण्याचा होता. हा शेवटचा मुद्दा स्वतंत्रपणे मांडावा, कारण वस्तू खरोखर चोरीची निघाली असती तरी कबुलीसाठी कोंडून ठेवणे या विशेषाधिकारात बसले नसते. पोलिसांच्या नावाने तिला बसवून ठेवले होते, पण समस्येत पोलिसांना फोन केल्याचा कुठेही उल्लेख नाही, हेही दाखवून द्यावे. समजा तिने कंटाळून सही केली असती, तरी त्या कागदाने आधीचा अटकाव कायदेशीर झाला नसता. कोंडलेल्या अवस्थेत दिलेली संमती ही संमतीच नव्हे.

प्रश्नपत्रिका इंग्लिश कायद्यावर बेतलेली असेल, तर निकाल आणखी कडक लागतो. तिथे असा वेगळा विशेषाधिकार नाही. दुकानदाराला सामान्य नागरिकाच्या अटकेच्या अधिकारावर विसंबावे लागते. वॉल्टर्स विरुद्ध डब्ल्यू. एच. स्मिथ या १९१४ च्या निकालाने असे ठरवले, की खासगी व्यक्तीने अटक केली तर ज्या गुन्ह्यासाठी अटक केली तो गुन्हा कोणीतरी खरोखर केलेला असला पाहिजे. नुसता वाजवी संशय चालत नाही. आजच्या, १९८४ च्या पोलीस अँड क्रिमिनल एव्हिडन्स अ‍ॅक्टच्या कलम २४-अ मध्ये, गुन्हा घडत असल्याचा वाजवी संशय असेल तर अटकेला वाव आहे, पण गुन्हा घडून गेल्यावर करायच्या अटकेला तो खरोखर घडलेला असण्याची अट कायम आहे. चष्मा तिचाच असल्याने त्या वाटेने गेल्यास पहिली दहा मिनिटेसुद्धा धोक्यात येतात. जॉन लुईस विरुद्ध टिम्स या १९५२ च्या निकालात संशयितांना वरिष्ठांच्या निर्णयासाठी कार्यालयात नेण्यास लागलेला वाजवी वेळ ग्राह्य धरला गेला, पण तिथे चोरी प्रत्यक्ष घडली होती. हा फरक न सांगता तो खटला उद्धृत करणे ही नेहमी होणारी चूक आहे.

भरपाईबद्दल थोडक्यात लिहावे. दोन्ही अपकृत्ये नुकसान सिद्ध न करताही दाव्यास पात्र आहेत. बॅटरीसाठी वळ, वेदना आणि दारात झालेला अपमान; अटकावासाठी गेलेले स्वातंत्र्य, आणि ते मिनिटांत मोजताना पर्यायी निष्कर्षाप्रमाणे चाळीस की पन्नास, हे स्पष्ट करावे. वस्तुस्थिती कळल्यानंतरही कबुलीसाठी दबाव टाकला गेला, यामुळे प्रतिवादीचे वर्तन अजाणतेपणातून जाणतेपणाकडे सरकते. म्हणून वाढीव किंवा दंडात्मक भरपाईची मागणी मांडायची, तर ती दारातल्या ओढाताणीवर नव्हे, या शेवटच्या चाळीस मिनिटांवर उभी करावी.